मधल्या तीन वर्षांचं काय लिहायचं?

नोकरीत खंड पडलेला माणूस अर्ज लिहायला बसला की पहिला मोह होतो तो तारखा झाकण्याचा. मार्च 2020 आणि ऑगस्ट 2023 असं लिहिण्याऐवजी नुसतं ‘2020’ आणि ‘2023’ लिहायचं, किंवा जुन्या नोकरीची अखेर सहा महिने पुढे ढकलायची. यातली पहिली युक्ती फार तर मुलाखतीपर्यंत टिकते. दुसरी सरळ खोटी आहे आणि ती पकडली जाते. नोकरी देण्यापूर्वी अनेक कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. त्या वेळी रिलीव्हिंग लेटर मागितलं जातं आणि पीएफच्या यूएएन खात्यातली सर्व्हिस हिस्टरीही पाहिली जाते. रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख तिथे लिहिलेलीच असते.

पण खरं लिहिलं म्हणजे काम झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ केट वाइशार यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले होते. नोकरीत असलेल्या आयांना साधारण 15 टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं. नोकरी गेलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं, तर मुलांसाठी घरी राहिलेल्यांना जेमतेम 5 टक्के ठिकाणांनी बोलावलं. बापांचे आकडेही फारसे वेगळे नव्हते. घरी राहण्याचा निर्णय स्वतःहून घेतला म्हणजे याचं कामावर मन नाही, असा अर्थ मालक लावतात, हे त्या अभ्यासातून दिसलं. हा निवाडा अन्यायाचा आहे. तरी अर्ज लिहिणाऱ्याने तो ओळखायला हवा, कारण वाचणाऱ्याच्या मनातल्या शंका नेमक्या दोन असतात: काम विसरला तर नाही ना, आणि पुन्हा सोडून तर जाणार नाही ना?

उदाहरण म्हणून नाशिकची एक लेखापाल डोळ्यांसमोर आणू. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सात वर्षं हिशेब सांभाळले. मार्च 2020 मध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिने नोकरी सोडली. तिचा मराठी मसुदा, कुणाला दाखवायचा नाही म्हणून अगदी मोकळेपणाने लिहिलेला, काहीसा असा असेल:

‘सासऱ्यांचं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडावी लागली. पहिली दोन वर्षं दुसरं काही सुचलंच नाही. 2022 च्या एप्रिलपासून भावाच्या हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब बघायला लागले, पैसे घेतले नाहीत. त्याचं तिमाही रिटर्न मीच भरते. मे 2023 मध्ये सासरे गेले. आता मोकळी आहे. ई-इनव्हॉइस मात्र प्रत्यक्ष कधी काढलेलं नाही.’

हा मसुदा आधी मराठीतच लिहावा, यामागे कारण आहे. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की हात तयार वाक्यांकडे जातो, आणि ‘ड्यू टू सम पर्सनल रीझन्स’ यापलीकडे काही उमटत नाही. मराठीत मात्र भावाचं दुकान आपोआप आलं, पैसे घेतले नाहीत हेही आलं, आणि काय येत नाही याची कबुलीसुद्धा आली. अर्जाला लागणारा माल यातच आहे.

आता यातलं काय न्यायचं? ‘काही सुचलंच नाही’ हे मालकाला सांगण्याची गरज नाही. ते गाळण्यात खोटेपणा नाही, कारण त्याने ना तारीख बदलते ना काम. आजाराचे तपशीलही दोन-तीन शब्दांत संपवावेत. सर्वांत जास्त जागा द्यायची ती दुकानाच्या हिशेबाला, आणि ते का, हे त्या तीन वर्षांत हिशेबाच्या कामात काय बदललं ते पाहिलं की कळतं.

तिने नोकरी सोडली तेव्हा टॅली ईआरपी 9 चालत होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये टॅलीप्राइम आलं. त्याच वर्षी जीएसटीआर-2बी हे विवरण सुरू झालं. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला किती कर-वजावट मिळेल ते त्यात दिसतं, आणि खरेदीची नोंद त्याच्याशी ताडून पाहणं हे आता लेखापालाचं नेहमीचं काम झालं आहे. जानेवारी 2021 पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही रिटर्नची सोय मिळाली. ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या कंपन्यांना लागू झालेलं ई-इनव्हॉइस टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवरच्या व्यवसायांना सक्तीचं झालं. म्हणजे ती अर्ज करते त्याच महिन्यात. तिच्या बायोडेटात अजून ‘टॅली ईआरपी 9’ एवढंच असेल, तर वाचणारा गॅपचं कारण वाचायच्या आधीच पान उलटेल.

इंग्रजी करताना मराठी वाक्याची एक सवय आड येते. ‘सोडावी लागली’, ‘बघायला लागले’ यांत करणारी व्यक्ती मागे राहते आणि परिस्थिती पुढे येते. मराठीत ते विनयाचं वाटतं. इंग्रजी अर्जात ‘आय हॅड टू लीव्ह’ असं तसंच उतरलं तर रडगाण्यासारखं वाचलं जातं. ‘आता मोकळी आहे’ याचं ‘आय ॲम फ्री नाऊ’ केलं तर रिकामी बसली आहे असा अर्थ निघतो. ‘हिशेब बघितले’ हे तर इतकं पुसट आहे की त्यातून नेमकं काम कळतच नाही. म्हणून प्रत्येक वाक्यात आधी ‘आय’, लगेच नेमकं क्रियापद, मग काम आणि तारीख. कव्हर लेटरमधला परिच्छेद, इथे देवनागरीत लिहायचा तर, असा होईल:

‘आय लेफ्ट माय जॉब इन मार्च 2020 टू केअर फॉर माय फादर-इन-लॉ आफ्टर अ स्ट्रोक, दॅट रिस्पॉन्सिबिलिटी एंडेड इन मे 2023. सिन्स एप्रिल 2022 आय हॅव केप्ट द बुक्स ऑफ अ फॅमिली हार्डवेअर शॉप, अनपेड. आय फाइल इट्स क्वार्टरली जीएसटी रिटर्न्स, मॅच एव्हरी परचेस विथ जीएसटीआर-2बी, अँड वर्क इन टॅलीप्राइम. आय ॲम अवेलेबल फुल टाइम.’

पहिल्या वाक्याने ‘पुन्हा सोडून जाणार का’ याचं उत्तर दिलं, कारण जबाबदारी संपल्याचा महिना त्यात आहे. दुसऱ्या-तिसऱ्याने ‘विसरली का’ याचं. ‘सॉरी’ आणि ‘अनफॉर्च्युनेटली’ कुठेही नाही. ‘अनपेड’ हा शब्द ठेवलाच पाहिजे. तो काढून ‘फ्रीलान्स टॅक्स कन्सल्टंट’ असं बिरुद लावणारे पुष्कळ असतात, पण मुलाखतीत ‘किती क्लायंट होते, फी किती घेत होता’ एवढं विचारलं की ते कोसळतं. ‘होम मॅनेजर’ सारख्या पदव्यांनीही नुकसानच होतं. सासऱ्यांची तीन वर्षं केलेली शुश्रूषा तशी सांगितली तर वाचणाऱ्याला तिचा मान राखावासा वाटतो, तिला कंपनीतल्या पदाचं नाव दिलं की शंका येते.

राहिलं ई-इनव्हॉइस. ‘एक्स्पीरियन्स्ड’ लिहिता येणार नाही. जाहिरातीत ते मागितलं नसेल तर पत्रात काढायचं कारण नाही. मागितलं असेल तर आधी पद्धत नीट शिकून घ्यावी आणि मग दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगाव्यात: पद्धत शिकले आहे, चालू व्यवसायात अजून काढलेलं नाही.

बायोडेटात या काळाची स्वतंत्र ओळ हवी, दोन्ही टोकांचे महिने देऊन: ‘करिअर ब्रेक, फॅमिली केअर’ आणि खाली दुकानाचं काम. मजकूर तयार झाला की इंग्रजी जाणणाऱ्या कुणाला तरी तो मराठीत तोंडी सांगायला लावावा आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहावा. मूळात नसलेलं काही त्याच्या तोंडून आलं, तर इंग्रजी वाक्य फुगलं आहे.

अर्ज पाठवण्याआधी पीएफच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरीही पाहून घ्यावी. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर कागदावर माणूस अजून तिथेच कामाला दिसतो आणि अर्जातल्या खऱ्या तारखाच खोट्या ठरतात. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले असतील, तर ही तारीख सदस्याला स्वतःच, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते.