सहाची बॅच सहालाच

घरी शिकवण्या घेणाऱ्या माणसाला लोक विचारतात, "रोज किती तास शिकवता?" वेळापत्रक मात्र तासांच्या हिशोबाने बसत नाही. ते बसतं मुलांच्या शाळेच्या वेळांवर, रस्त्यावरच्या गर्दीवर आणि सगळ्यात जास्त शाळांच्या परीक्षांवर. मी कोथरूडमध्ये गणित-विज्ञान शिकवते. एका बॅचला सहापेक्षा जास्त मुलं घेत नाही, कारण दीड तासात प्रत्येकाची वही नजरेखालून घालायची तर सहाच्या पुढे ते जमत नाही.

आठवड्याचा पाया म्हणजे दहावीची बॅच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. आधी ती कागदावर बसवायची आणि उरलेल्या जागेत बाकीच्यांना. असं का, ते एका साध्या गणिताने कळेल. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि जानेवारीत प्रिलिम लागते, म्हणजे पोर्शन डिसेंबरअखेर संपायला हवा. हे साधारण २८ आठवडे झाले. गणपतीचा एक, दिवाळीचे दोन आणि घटक चाचणी, सहामाही वगैरेंचे मिळून चार आठवडे वजा केले की २१ उरतात. आठवड्याला तीन वर्ग धरले तर ६३ वर्ग हाती येतात. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताच्या दोन भागांत ६ आणि ७ अशी १३ प्रकरणं आहेत आणि विज्ञानाच्या दोन भागांत प्रत्येकी १०. एकूण ३३ प्रकरणं आणि ६३ वर्ग, म्हणजे एका प्रकरणाला पुरते दोन वर्गही येत नाहीत. एकट्या वर्गसमीकरणांना पाच वर्ग लागतात: अवयव पाडणं, पूर्ण वर्ग करणं, सूत्र, मुळांचं स्वरूप आणि शेवटी शाब्दिक उदाहरणं, जिथे बहुतेक मुलं अडतात. हे जास्तीचे वर्ग संभाव्यता आणि विज्ञानातली सोपी प्रकरणं लवकर आटोपून काढावे लागतात. म्हणून दहावीचा एक वर्ग बुडाला तर तो "बघू पुढे" म्हणून सोडता येत नाही. त्याच आठवड्यात भरून काढावा लागतो.

आठवी आणि नववी मी मंगळवारी आणि गुरुवारी एकत्र घेते. वेगळ्या इयत्ता एका खोलीत बसवणं अनेकांना पटत नाही, आणि सगळ्या प्रकरणांना ते चालतही नाही. समीकरणांना चालतं. आठवीला एका चलातली समीकरणं असतात, नववीला दोन चलांतली रेषीय समीकरणं. नववीची मुलं एक चल लोप करतात, तेव्हा त्यांच्यासमोर उरतं ते आठवीचंच समीकरण. एका गटाला फळ्यावर समजावायचं, तोवर दुसऱ्याने दिलेली पाच गणितं सोडवायची. भूमिती आली की मात्र हे मोडतं. आठवीची मुलं चौकोन रचना काढत असतात आणि त्यांच्या कोनमापकावर लक्ष ठेवावं लागतं, तेव्हाच नववीची मुलं त्रिकोणाच्या प्रमेयाची सिद्धता विचारतात. त्या दिवसांत मी दोघांना पाऊण-पाऊण तास स्वतंत्र देते आणि पालकांना तसं आधी कळवते.

आता प्रवास. सिंहगड रस्त्यावर एका सीबीएसईच्या मुलाकडे घरी जाऊन शिकवणी आहे, मंगळवारी आणि गुरुवारी चार ते पाच. राजाराम पुलावरून दुपारी स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. पण पाचला निघालं की ऑफिस सुटलेल्या गर्दीत तोच रस्ता पाऊण तास खातो. सहाला घरी आठवी-नववीची बॅच. कागदावर हे जुळतं. प्रत्यक्षात मंगळवारी जुळत होतं आणि गुरुवारी पावसाळ्यात बॅच पंधरा मिनिटं उशिरा सुरू होत होती. महिन्यातल्या चार गुरुवारांचा हिशोब केला, तर सहा मुलांचा प्रत्येकी एक तास गेला. खूण अशी, की उशीर एकाच वारी वारंवार होत असेल तर दोष मुलांचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

यावर उपाय बॅच सव्वासहाला नेण्याचा नाही, कारण मग पुढे मुलांचं घरी जाणं आणि जेवण लांबतं. त्या मुलाची शाळा अडीचला सुटते हे विचारल्यावर कळलं. मंगळवारची वेळ साडेतीनवर आणली आणि गुरुवारचा तास रविवारी सकाळी आठला नेला, तेव्हा रस्ता मोकळा असतो. शिकवणं तितकंच राहिलं, रस्त्यावरचा वेळ कमी झाला. घरी जाऊन एक तास शिकवायचा म्हणजे जाण्यायेण्यासह दोन-अडीच तास जातात. फी ठरवताना हे पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. नंतर सांगितलं की दोघांनाही अवघड जातं.

या सगळ्याला हलवून सोडतात ते परीक्षांचे आठवडे. दहावीच्या बॅचमधली सहा मुलं तीन वेगवेगळ्या शाळांतली आहेत. एका शाळेची घटक चाचणी या सोमवारी सुरू होते, दुसरीची पुढच्या आठवड्यात, तिसरीने ती आधीच उरकलेली असते. कुठे चाचणीला वर्गसमीकरणं असतात, कुठे शाळेत ते प्रकरण अजून सुरूच झालेलं नसतं. सगळ्यांचं थांबवावं तर दोन-तीन आठवडे असेच जातात. न थांबवावं, तर चाचणीवाल्यांचं नवं प्रकरण बुडतं.

मी भिंतीवर एक मोठा तक्ता लावते. प्रत्येक शाळेला एक रंग, परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्या तारखा त्या रंगात भरायच्या. दोन शाळांचे रंग एका आठवड्यात आले तर त्या आठवड्यात नवं प्रकरण सुरू करायचं नाही. शिकवून झालेल्या भागावर ४० गुणांची प्रश्नपत्रिका द्यायची, बोर्डाच्या पेपरसारखी, आणि वेळ लावून सोडवून घ्यायची. एकाच शाळेचा रंग असेल तर बॅच नेहमीसारखी पुढे चालते आणि चाचणी असलेली मुलं शनिवारी पाच ते साडेसहा स्वतंत्र येतात. हा शनिवारचा दीड तास मी वर्षभर रिकामा ठेवते. तिथे नवी बॅच घ्या असं दर जूनमध्ये कुणीतरी सुचवतं, पैसेही मिळतील. पण तो भरला की आजारपण, पाऊस, चाचणी, कशालाच जागा उरत नाही आणि मग भरपाईचे वर्ग रात्री नऊला घ्यावे लागतात. दिवसभर शाळा करून आलेलं मूल त्या वेळी समोर बसतं, पण त्याच्या डोक्यात काही जात नाही.

तपासायच्या वह्या साठू लागल्या, तर तीही एक खूणच. दोन बॅचच्या मध्ये अर्धा तास मोकळा नसेल तर वह्या आठवडाभर तशाच पडतात. मुलाने केलेली चूक त्याला आठ दिवसांनी कळते, आणि तोवर तो तीच चूक पुढच्या वीस गणितांत करून बसलेला असतो. म्हणून हा अर्धा तासही वेळापत्रकात लिहावा, रिकामा म्हणून नव्हे, तपासणीचा म्हणून.

पालकांना एकच विनंती. शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक आणि त्यासाठीचा पोर्शन ज्या दिवशी तुमच्या मोबाईलवर येतो, त्याच दिवशी तो शिकवणीच्या बाईंना किंवा सरांना पाठवा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी कळवलं, तर तुमच्या मुलासाठी तक्त्यात जागा करता येत नाही.