ग्रॅच्युइटीतून गृहकर्ज फेडावं का? आधी हा हिशेब पाहा

समजा, सांताक्रूझमधल्या एका कर्मचाऱ्याचं निवृत्तीवेळी १२ लाखांचं गृहकर्ज बाकी आहे. व्याज ८.५ टक्के, मुदत ५ वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे २४,६२० रुपये. हेच १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर तीन महिन्यांनी २४,६०० रुपये मिळतील. म्हणजे तिमाहीच्या व्याजात जेमतेम एक हप्ता, वर त्यावर कर लागू शकतो. हिशेब कर्ज फेडण्याच्याच बाजूने झुकतो.

मात्र ग्रॅच्युइटी १३ लाखच असेल आणि दुसरी बचत नसेल, तर अर्धंच फेडून हप्ता कमी करून घ्यावा. दवाखान्यासाठी रोकड लागतेच. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क नसतं. पूर्ण फेडल्यावर बँकेने ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई.