जुनं सोनं मोडताना घट जाते कुठे?

जुना दागिना मोडायला काढला की सराफाच्या पेढीवर तीन गोष्टी बोलल्या जातात. टंच किती निघतो, घट किती धरायची आणि मोडीचा भाव काय. आपलं सगळं लक्ष भावाकडे असतं, कारण तो वर्तमानपत्रात छापून येतो, फलकावर लिहिलेला असतो. घासाघीस होते ती त्याच्यावरच. पण जुन्या सोन्यात माणूस भावापेक्षा घटीत जास्त बुडतो, आणि घट म्हणजे नेमकं काय कमी झालं हे विचारणारा क्वचितच भेटतो.

आधी टंच समजून घेऊ. दागिन्याच्या शंभर भागांत शुद्ध सोनं किती, तो त्याचा टंच. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के. जुन्या पद्धतीत सोनार दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासून रेघ ओढतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाब लावतो. कमी कसाची रेघ लवकर फिकी पडते. अनुभवी डोळ्याला यातून अंदाज चांगला येतो, पण तो अंदाजच. दोन-तीन टक्क्यांचा फरक दगडावर ठामपणे सांगता येत नाही, आणि आजच्या भावात दोन टक्के ही लहान रक्कम नाही.

म्हणून आता बहुतेक पेढ्यांवर कॅरेटोमीटर असतो. हे यंत्र दागिन्यावर क्ष-किरण सोडतं आणि परत येणाऱ्या किरणांवरून सोनं, तांबं, चांदी, जस्त, कॅडमियम यांचं प्रमाण दाखवतं. दागिना तुटत नाही, झिजत नाही, मिनिटभरात पडद्यावर आकडा येतो. मात्र त्याची मर्यादा ओळखून असावं. सोन्यात हे किरण केसाच्या जाडीइतकेही खोल जात नाहीत, म्हणजे यंत्र वाचतं तो फक्त वरचा पापुद्रा. दागिन्याला शेवटी उजाळा देताना तेजाबात वरचं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभाग आतल्यापेक्षा शुद्ध दिसू शकतो. उलट यंत्राचा झोत नेमका फाशावर किंवा जोडावरच्या झाळणीवर पडला, तर आकडा खाली येतो. एकाच साखळीच्या कडीवर ९१ आणि फाशाजवळ ८५ दिसलं, तर त्यात लबाडी असेलच असं नाही. पण सराफाने ८५ धरून सगळ्या साखळीचा हिशेब केला, तर तो आपला तोटा आहे. यंत्र लावलं की निदान तीन-चार जागी लावायला सांगावं आणि प्रत्येक आकडा आपल्या डोळ्यांनी पाहावा.

आता घट. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं आणि उकळायला त्याला २८०० अंशांच्याही वर जावं लागतं. सोनाराच्या भट्टीत सोन्याची वाफ होत नाही. मग मुशीतून काढलेल्या लगडीचं वजन कमी का भरतं? पहिलं कारण मळ. वर्षानुवर्षं अंगावर वापरलेल्या दागिन्याच्या नक्षीत साबण, तेल, घाम साचलेला असतो आणि तो जळून जातो. दुसरं कारण झाळण. जोड देताना वापरलेल्या मिश्रणात जस्त किंवा कॅडमियम असायचं. कॅडमियम ७६७ अंशांवर आणि जस्त ९०७ अंशांवर उकळतं, म्हणजे सोनं वितळण्याआधीच त्यांची वाफ होऊ लागते. थोडं तांबं टाकणखाराबरोबर मळीत जातं. सोन्याचे बारीक कण मुशीला किंवा त्या मळीला चिकटून राहू शकतात. खरं सोनं गेलंच तर तिथे जातं, आणि काळजीपूर्वक आटवलं तर ते नगण्य असतं.

म्हणजे घटीत जातो तो बहुतांशी मळ आणि हलका धातू. तो निघून गेल्यावर उरलेल्या लगडीचा टंच थोडा वाढतो. हा मुद्दा ज्याच्या लक्षात आला, त्याला पेढीवरचा हिशेब तपासता येईल. टंच आटवण्याआधी काढला असेल, तर त्यात हलक्या धातूची वजावट झालेलीच आहे. वर पुन्हा चार टक्के घट कापणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. १९८० च्या सुमारास घडवलेल्या पाटल्यांची जोडी, वजन ४० ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू आणि मोडीचा भाव त्याच्याहून दोन टक्के कमी, म्हणजे ९,८०० रुपये. पहिल्या पेढीवर यंत्र ८८ च्या आसपास दाखवतं. सराफ म्हणतो, २१ कॅरेट धरू, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के, आणि घट चार टक्के. ४० ग्रॅममधून घट वजा जाता ३८.४० ग्रॅम राहतात. त्याचे साडेसत्त्याऐंशी टक्के म्हणजे ३३.६० ग्रॅम शुद्ध सोनं. हाती येतात ३,२९,२८० रुपये.

दुसऱ्या पेढीवर तोच मोडीचा भाव आहे, पण तिथे पाटल्या समोर आटवल्या जातात. लगड भरते ३९.८० ग्रॅम. खरी घट ०.२० ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. लगडीचा टंच निघतो ८८.२, म्हणून शुद्ध सोनं ३५.१० ग्रॅम आणि रक्कम ३,४३,९८० रुपये. भाव तोच, पाटल्या त्याच, आणि फरक १४,७०० रुपयांचा. आटवण्याचे काही पैसे घेतले तरी हा फरक भरून निघत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की घट टक्क्यांत ठरवूच नये. ती काट्यावर दिसावी. लगड हाती आल्यावर तिचं वजन, त्या लगडीचा टंच आणि त्या दिवसाचा भाव, या तिघांचा गुणाकार म्हणजे आपले पैसे. याशिवाय चौथी कपात कोणी सांगितली, तर ती कशाची हे पेढीवरच विचारावं.

लाखेच्या दागिन्यांचं मात्र वेगळं आहे. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. मंगळसूत्राच्या वाट्यांतही ती बऱ्याचदा असते. अशा दागिन्यात घट मोठी येणारच, आणि सराफ मोठा आकडा सांगतो म्हणून त्याच्यावर संशय घेणं बरोबर नाही. इथे अंदाजाने टक्केवारी ठरवण्यापेक्षा आटवून पाहणं हाच दोघांच्याही दृष्टीने सरळ मार्ग. नथीतले मोती, तन्मण्याचे खडे, काळे मणी, दोरा आधी काढून घ्यावेत आणि घरी परत न्यावेत. त्यांचं वजन सोन्यातून वजा होतं, मग ते पेढीवर का ठेवायचे?

आटवण्याचं काम महाराष्ट्रात गलाईवाले करतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली कित्येक कुटुंबं याच धंद्यासाठी देशभरच्या शहरांत गेली आणि तिथल्या सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी गाळू लागली. जुन्या सराफ बाजाराच्या गल्लीत असं एखादं दुकान बहुधा सापडतं. आटवताना आपण समोर उभं राहावं. मूस आधी रिकामी पाहून घ्यावी, आणि वजन तीनदा करून घ्यावं: आणलेल्या दागिन्याचं, खडे-मोती काढल्यावर आणि लगड थंड झाल्यावर. काटा दर वेळी शून्यावर आहे ना, हे पाहायला संकोच वाटू देऊ नये. भाव मात्र आटवण्याआधी ठरवावा. दागिन्याची लगड झाली की आपण अडकतो आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. सौदा पटला नाही तर आटणावळ देऊन लगड घरी नेता येईल, हेही त्याच वेळी बोलून ठेवावं.

हॉलमार्कचा दागिना आटवायची गरज सहसा पडू नये. आता त्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून सराफांना, जिथे हॉलमार्क सक्तीचा आहे तिथे, याशिवाय दागिना विकता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. अशा २२ कॅरेटच्या बांगडीला कोणी २० कॅरेट धरू लागला, तर उठून पुढच्या पेढीवर जावं. ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरातल्या जुन्या दागिन्यांवर नाही. हॉलमार्क नसलेले दागिने आपण मोडू शकतो. ते मान्यताप्राप्त परख केंद्रात थोडं शुल्क भरून तपासूनही घेता येतात, आणि केंद्र लेखी अहवाल देतं. सराफाकडे जाण्याआधी हा कागद हातात असला, की टंचाबद्दलचं बोलणं तिथेच संपतं.

भावाबद्दल थोडंच सांगतो. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामकाजाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सोन्याचे दर जाहीर करते आणि त्यांत जीएसटी धरलेला नसतो. तुलना याच्याशी करावी. दुकानाच्या फलकावरच्या किमतीत तीन टक्के जीएसटी मिळवलेला असू शकतो, आणि तो आपल्याला परत मिळत नाही. शुद्ध सोन्याच्या दरावर एक-दोन टक्के कपात हा सराफाचा धंदा आहे, ती मान्य करावी. पाच टक्क्यांवर गेली तर दुसरं दार ठोठवावं. दागिना बदलून नवा घेतल्यास ‘घट नाही’ असं सांगितलं जातं, पण नव्या दागिन्याची घडणावळ किती लावली ते विचारल्याशिवाय त्या सवलतीची किंमत कळत नाही. जुन्या चिठ्ठीवर ‘चार तोळे’ लिहिलं असेल, तर ते साल पाहून वाचावं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा बोलण्यातला १० चा; चार तोळ्यांत साडेसहा ग्रॅमहून जास्त फरक पडतो.

पैसे बँक खात्यातच घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि इथे घेणारे आपण असतो. पावतीवर आणलेल्या दागिन्याचं वजन, लगडीचं वजन, टंच आणि लावलेला भाव असे चारही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. जो सराफ ते लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्या पेढीवर सोनं मोडू नका.