उताराआधी चढ पाहा

मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास असतो, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. आता प्रश्न थोडा बदलून विचारा: दिवसाची लांबी सर्वांत झपाट्याने कधी वाढते? बारावीला गणित घेतलेली मुलंही पटकन ‘जूनमध्ये’ म्हणून मोकळी होतात. हीच मुलं डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितलं की भराभर घातांक खाली उतरवतात, एक वजा करतात आणि उत्तर बरोबर आणतात. उंची आणि चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

दाखवणं अवघड नाही. घरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. त्यांतून दिवसाची लांबी काढा आणि आलेखकागदावर ठिपके मांडा. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर दिवसाची लांबी. डिसेंबरच्या शेवटी मुंबईचा दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, जूनच्या शेवटी सव्वातेरा तासांच्या आसपास. मधले ठिपके जोडले की एक मऊ लाट तयार होते. जूनपाशी ती माथ्यावर असते, पण तिथे जवळजवळ सपाट असते. १६ जून ते २६ जून या दहा दिवसांत दिवसाची लांबी मिनिटभरानेही बदलत नाही. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत मात्र ती सुमारे अकरा मिनिटांनी वाढते. लाट तिथे सर्वांत उभी आहे.

आता डिसेंबर ते जून या संपूर्ण काळाचा हिशेब करू. साधारण १८२ दिवसांत सुमारे १३५ मिनिटं वाढली, म्हणजे दिवसाला सरासरी पाऊण मिनिट. पण हा पाऊण मिनिटाचा आकडा मार्चलाही लागू पडत नाही आणि जूनलाही नाही. मार्चमध्ये वाढ मिनिटाहून थोडी जास्त आहे, जूनमध्ये जवळपास शून्य. सरासरी दर दोन ठिपके जोडणाऱ्या सरळ रेषेचा चढ सांगतो. त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये लाटेने काय काय केलं, ते तो सांगत नाही. दिवस निम्मे करा, आणखी निम्मे करा, आकडा त्या तारखेच्या जवळ जवळ येत जातो. मग ‘अगदी २१ मार्चलाच दर किती’ असं विचारलं तर? एका क्षणात वेळ जात नाही, मग वाढ कसली मोजायची? कॅल्क्युलसचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे.

तो सोडवायला दिनदर्शिका कामाची नाही, कारण तिथे मिनिटापेक्षा बारीक आकडेच नसतात. त्यासाठी एक दगड घेऊ. ४५ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, तो नुसता सोडून दिला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर t सेकंदांत तो s = 5t² मीटर खाली येतो. नेमका गुणक ४.९ आहे, पण पाचने हिशेब सुटसुटीत होतो. दोन सेकंदांत वीस मीटर, तीन सेकंदांत पंचेचाळीस, म्हणजे थेट जमिनीवर. दुसऱ्या सेकंदाच्या टोकाला त्याचा वेग किती?

दुसऱ्या ते तिसऱ्या सेकंदात तो २५ मीटर पडला. पण तो सतत वेग घेतो आहे, तेव्हा २५ हा आकडा फार मोठा झाला. काळ आखडता घेऊ. २ ते २.१ सेकंदांत तो २.०५ मीटर पडतो, म्हणजे दर सेकंदाला २०.५ मीटर. २ ते २.०१ मध्ये सरासरी वेग २०.०५ येतो आणि २ ते २.००१ मध्ये २०.००५. मागच्या बाजूनेही पाहायला हवं, ही पायरी बहुतेकजण गाळतात. १.९ ते २ मध्ये १९.५, १.९९ ते २ मध्ये १९.९५. एका बाजूने आकडे वरून खाली येतात, दुसऱ्या बाजूने खालून वर, आणि दोन्ही बाजूंनी २० ला वेढा पडतो.

हे आकडे वीसच्या दिशेने का जातात, तेही उघड करून पाहता येतं. दोन सेकंदांनंतर आणखी h सेकंद गेले असं धरू. पडलेलं अंतर 5(2+h)² − 20, म्हणजे 20h + 5h². त्याला गेलेल्या वेळेने, h ने, भागलं की उरतं 20 + 5h. वरचे सगळे आकडे या एका ओळीत आले: h जागी ०.१ घाला, २०.५ मिळेल, ०.०१ घाला, २०.०५. h जितका लहान, तितकी 5h ही शेपटी लहान.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेतो, आणि घ्यायलाच हवी. h ने भागताना तो शून्य नाही असं म्हटलंत आणि शेवटी तो शून्य करून टाकलात, ही लबाडी नव्हे का? सुरुवातीलाच h शून्य केला असता तर शून्य भागिले शून्य आलं असतं आणि त्याला काही अर्थ नाही. हीच हरकत आयर्लंडचे बिशप बर्कली यांनी १७३४ साली ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तकात न्यूटनच्या पद्धतीवर घेतली होती, आणि ती रास्त होती. तिचं नीट उत्तर द्यायला पुढे जवळजवळ शतक गेलं. फ्रान्सच्या कोशीने १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात लिमिटला, म्हणजे सीमेला, पायाशी ठेवलं. उत्तर असं आहे: h शून्य करायचाच नाही. सीमा विचारते ती एवढंच, की h शून्याच्या हव्या तितक्या जवळ आणला तर सरासरी वेग कोणत्या एकाच संख्येच्या हव्या तितका जवळ येऊन तिथेच राहतो. ती संख्या २०. h शून्य असताना काय होतं, याबद्दल सीमा चकार शब्द काढत नाही. तुम्ही मला सांगा की फरक हजारांशाहून कमी हवा, मी म्हणेन की h पाच हजारांशाहून लहान ठेवा. नाही, चुकलं! शेपटी 5h आहे, तेव्हा h हजारांशाच्या पाचव्या भागाहून लहान ठेवावा लागेल. एप्सिलॉन आणि डेल्टा या अक्षरांची मुलांना जी धास्ती असते, तिच्यामागे एवढीच देवाणघेवाण आहे.

हेच आलेखावर पाहिलं तर जास्त ठसतं. 5t² चा वक्र काढा. दोन सेकंदांच्या ठिपक्यातून आणि तीन सेकंदांच्या ठिपक्यातून जाणारी रेषा ही छेदिका, तिचा चढ २५. दुसरा ठिपका वक्रावरून पहिल्याकडे सरकवत आणा, छेदिका हळूहळू वळते आणि २० चढाच्या एका रेषेवर स्थिरावू लागते. ती स्पर्शिका. जिओजेब्रासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असेल तर दुसरा एक प्रयोग करा. दोन सेकंदांच्या ठिपक्यापाशी आलेख मोठा करत जा. थोड्या वेळाने वक्राचा बाक दिसेनासा होतो आणि पडद्यावर सरळ रेष उरते. तिचा चढ मोजा. डेरिव्हेटिव्ह, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत विकलज, म्हणजे हा चढ. ‘वक्राला एकाच ठिकाणी शिवते ती स्पर्शिका’ ही दहावीतल्या वर्तुळाची व्याख्या इथे सोडून द्यावी लागते. x³ च्या आलेखाला शून्यापाशी असलेली स्पर्शिका वक्राला चक्क आरपार छेदून जाते.

आता तिसऱ्या सेकंदाला काय होतं? दगड जमिनीवर आदळतो आणि समजा तिथेच रुततो. त्याआधीच्या बाजूने सरासरी वेग ३० कडे जातात. त्यानंतरच्या बाजूने अंतर वाढतच नाही, तेव्हा वेग शून्य. दोन बाजूंचे आकडे एका संख्येवर एकमत होत नाहीत, म्हणून तिथे सीमा नाही आणि विकलजही नाही. आलेखात त्या जागी कोपरा दिसतो. तो कितीही मोठा करून पाहा, कोपरा कोपराच राहतो, सरळ होत नाही. दगडाची जागा मात्र त्या क्षणीही अखंड आहे, तो कुठेही उडी मारून गेलेला नाही. आलेख न तुटणं वेगळं आणि त्याला चढ असणं वेगळं, हा परीक्षेत हमखास विचारला जाणारा फरक या एका आपटण्यात स्पष्ट होतो.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक क्षणाचा चढ मोजून त्याचा नवा आलेख काढणं. दगडाच्या बाबतीत एका सेकंदाला १०, दोनला २०, अडीचला २५. नवा आलेख सरळ रेष येतो, 10t. दिवसाच्या लांबीच्या लाटेचं हेच केलं तर नवीही लाट येते, पण सरकलेली: जूनमध्ये ती शून्यातून खाली जाते, सप्टेंबरमध्ये तळाला असते, मार्चमध्ये माथ्यावर. साईनचं विकलज कोसाईन, हा पाठ करून घेतला जाणारा नियम इथे डोळ्यांना दिसतो.

भास्कराचार्यांना हे नातं माहीत होतं. ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा हिशेब करताना ज्येतला बारीक फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, असं त्यांनी वापरलं आहे. गरज व्यवहाराची होती. चंद्र दिवसाला कधी बारा अंशांहून कमी सरकतो, कधी पंधराहून जास्त, तेव्हा तिथी नेमकी कधी संपते हे दिवसाच्या सरासरी गतीवरून काढलं तर चुकतं. त्यासाठी चंद्राची त्या वेळची गती हवी, असं ते सांगतात. मध्यम स्थानापासून ग्रहाचा फरक जिथे सर्वांत मोठा असतो, तिथे त्या फरकामुळे गतीत होणारी दुरुस्ती शून्य असते, हेही त्यांनी नोंदवलं. सीमेची व्याख्या मात्र त्यांच्याकडे नव्हती. न्यूटन आणि लायब्निट्झ यांच्याकडेही नव्हती. लायब्निट्झने नियम छापले १६८४ साली, व्याख्या आली त्यानंतर जवळपास १४० वर्षांनी. आपली पाठ्यपुस्तकं हा क्रम उलटा करतात, आणि त्याचं मला फारसं वावडं नाही. खटकतं ते हे, की आकड्यांचे तक्ते आणि आलेख या मूळ पायऱ्या दोन्हींच्या मधून गायब होतात.

या पायऱ्या झाल्यावर नियमांचा सराव भरपूर करावा, त्याला पर्याय नाही. फक्त उत्तर आलं की ते आलेखाशी ताडून पाहावं. x³ − 3x चं विकलज काढताना घाईत एखादा 3x² − 3x लिहितो. ते खरं असेल तर आलेख शून्यापाशी आणि एकपाशी सपाट हवा. पण x जागी −०.१, ० आणि ०.१ घालून पाहा: सुमारे ०.३, ० आणि −०.३ येतात. आलेख तिथे सपाट नाही, सरळ उतरतो आहे, आणि चढ वजा तीनच्या आसपास आहे. बरोबर उत्तर 3x² − 3, त्यात शून्य घातलं की नेमके वजा तीन मिळतात, आणि सपाट जागा येतात त्या एक आणि वजा एकपाशी.