न मिळालेल्या दहा लाखांवरचा कर

पुण्यात किंवा ठाण्यात जुना फ्लॅट घेतलेल्या कुणाच्याही फायलीत इंडेक्स-टूची प्रत सापडेल. तिच्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. पहिला आकडा दोघांनी आपसांत ठरवलेला, दुसरा रेडी रेकनरवरून काढलेला. मुद्रांक शुल्क दोहोंतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. ते भरून नोंदणी झाली की बहुतेक जण तो कागद घडी घालून ठेवून देतात. पण दीड-दोन वर्षांनी आयकर खात्याची ‘डीम्ड इन्कम’वाली नोटीस येते, ती पुष्कळदा या दोन ओळींमधल्या अंतरामुळेच.

एक उदाहरण घेऊ. एका नोकरदार बाईंनी ६० लाखांना फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावर पावसाळ्यात गळतं, आणि विकणाऱ्याला पैशांची निकड होती. इंडेक्स-टूवर मोबदला ६० लाख, बाजारभाव ७० लाख. सगळे पैसे बँकेतून दिले, रोख एक रुपया नाही. नोटिशीत मात्र त्यांच्या उत्पन्नात १० लाख का मिळवू नयेत, अशी विचारणा होती. नोटीस वाचून साहजिकच वाटतं की खातं आपल्यावर काळा पैसा दिल्याचा आरोप करतंय. मग माणूस बँकेचे उतारे, कर्जाची कागदपत्रं, चेकच्या झेरॉक्स असा गठ्ठा जोडून उत्तर देतो : मी खरोखर ६० लाखच दिले.

हे उत्तर खरं असतं आणि निरुपयोगीही. कारण ‘मानीव उत्पन्न’ याचा अर्थच असा की पैसे प्रत्यक्ष मिळाले की नाही, हा प्रश्न कायद्याने बाजूला ठेवलेला आहे. सोसायटीवाल्यांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ ठाऊक असतं : बिल्डरने सही केलेली नसते, तरी कायद्याने केल्यासारखी धरली जाते. तसंच इथे १० लाख आले नाहीत, तरी आले असं धरलं जातं. खात्याला काही सिद्ध करावं लागत नाही.

ही तरतूद आली कुठून, याची गोष्ट केरळातली आहे. एर्नाकुलममधल्या एका गृहस्थांनी १९५८ साली साडेसोळा हजारांना घेतलेलं घर १९६५ साली त्याच किमतीला सून आणि मुलांना विकलं. खात्याने बाजारभाव ६५ हजार काढला आणि फरकावर कर मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८१ साली न्यायालयाने सांगितलं की जो पैसा हातात आलाच नाही त्यावर कर नाही. कागदावर किंमत कमी दाखवली असेल तर ते खात्याने सिद्ध करावं. के. पी. वर्गीस खटला म्हणून करसल्लागारांच्या तोंडी तो अजूनही असतो. पण चेकने निम्मे आणि पिशवीतून निम्मे घेणाऱ्यांच्या देशात असं सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून संसदेने सिद्ध करण्याची अटच काढून टाकली. २००२ च्या वित्त कायद्याने कलम ५० सी आणलं : विकणाऱ्याला सरकारी मूल्याइतकी किंमत मिळाली असंच धरायचं. २०१३ मध्ये कमी किमतीत घर घेणाराही कक्षेत आला. आज १९६१ च्या कायद्याच्या कलम ५६(२)(x) मध्ये जे आहे, ते त्याचंच पुढचं रूप. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, आधीच्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच क्रमांकांनी येतात.)

एकाच फरकावर दोन्हीकडे कर लागतो, हे मला तरी आजवर पटलेलं नाही. आपल्या उदाहरणात विकणाऱ्याची विक्री किंमत ७० लाख धरून भांडवली नफा मोजला जाईल, आणि घेणाऱ्या बाईंच्या ‘इतर उत्पन्ना’तही तेच १० लाख पडतील. त्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर उपकरासह ३ लाख १२ हजार, वर व्याज.

थोडी मोकळीक कायद्यात आहे. फरक ५० हजार किंवा ठरलेल्या किमतीच्या १० टक्के, यातल्या मोठ्या रकमेपर्यंत असेल तर काही धरलं जात नाही. ६० लाखांवर ही मर्यादा ६ लाखांची. सरकारी मूल्य ६६ लाख असतं तर बाईंना काहीच लागलं नसतं. पण मर्यादा ओलांडली की वरचे ४ लाख नव्हे, पूर्ण १० लाख उत्पन्न ठरतात. सौदा करतानाच रेडी रेकनरचा आकडा बघायचा तो यासाठी.

नातेवाइकाकडून घेतलेल्या घराला घेणाऱ्यापुरती सूट आहे, पण नातेवाईक कोण हे कायदा ठरवतो. चुलतभाऊ त्यात नाही. पुतण्याने काकांकडून घर घेतलं तर सूट. काकांनी पुतण्याकडून घेतलं तर नाही, कारण काकांच्या यादीत पुतण्या येतच नाही!

मग उत्तरात काय लिहायचं? दोनच गोष्टींना वजन असतं. पहिली तारीख. रेडी रेकनरचे दर सुधारले जातात ते १ एप्रिलपासून. किंमत फेब्रुवारीत लेखी करारात ठरली, नोंदणी जूनमध्ये झाली, तर फेब्रुवारीतलं मूल्य धरण्याची मागणी करता येते. अट एवढीच, की करारापूर्वी किंवा त्या दिवशी काही रक्कम चेकने वा ऑनलाइन दिलेली हवी. रोख बयाणा इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या घराची खरी किंमत. रेडी रेकनर इमारतीच्या वयाची घट देतो. गळकं छत, कोर्टात अडकलेला हक्क हे त्याला दिसत नाही. म्हणून उत्तरात स्पष्ट शब्दांत लिहायचं, की सरकारी मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे, प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवावं. सोबत नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, गळतीचे फोटो, सोसायटीचं दुरुस्तीचं पत्र. मूल्यांकन अधिकाऱ्याने ६४ लाख काढले तर फरक ४ लाखांवर येतो, आणि तो ६ लाखांच्या आत असल्यामुळे काहीच मिळवू नये असा दावा करता येतो. त्याने ७५ लाख काढले तरी भीती नाही; मग आधीचे ७० लाखच कायम राहतात. मात्र ही मागणी केलीच नाही, तर अधिकारी आपणहून पाठवेल या भरवशावर राहू नये.

या धरून चालण्याला हद्दही आहे. ७० लाख धरले म्हणून वरचे १० लाख तुम्ही गुपचूप दिले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. तो काढायचा तर खात्याला वेगळा पुरावा लागतो.

आणि कर भरावाच लागला, तर आकारणीचा आदेश खरेदीखताच्याच फायलीत लावून ठेवायचा. पुढे तो फ्लॅट विकताना बाईंची खरेदी किंमत ६० नव्हे, ७० लाख धरली जाते. कलम ४९(४) तसं सांगतं. दहा-पंधरा वर्षांनी हा आदेश हाताशी नसला, तर त्याच १० लाखांवर नफा म्हणून पुन्हा कर भरला जातो.