लेखांक चौथा : आई-वडिलांची परवानगी

थायलंडमधले अनेक तरुण पावसाळ्यातल्या वर्षावासापुरते किंवा त्याहूनही कमी दिवसांसाठी चीवर घेतात आणि मग परत शेतीला, नोकरीला लागतात. राजा भूमिबोल १९५६ मध्ये १५ दिवस भिक्खू होते. वयाची अट मात्र पक्की. वीस वर्षं पुरी झालेला तरुण एकाच विधीत आधी श्रामणेर आणि लगेच भिक्खू होतो; त्याहून लहान असेल तो श्रामणेरच राहतो. २०१८ मध्ये गुहेतून सुटलेल्या फुटबॉल संघातली अकरा मुलं श्रामणेर झाली, त्यांचे पंचविशीतले प्रशिक्षक भिक्खू झाले, ते याच नियमाने.

तयारी पाठांतरापासून सुरू होते. प्रव्रज्येची विनंती पाली भाषेत, स्वतःच्या तोंडाने करावी लागते. त्यासाठी उमेदवार आधी काही दिवस विहारात जाऊन घोकंपट्टी करतो.

मुंडन बहुधा आदल्या दिवशी होतं. पहिली बट आई-वडील कापतात, मग आजी-आजोबा, काका-मामा आणि शेजारी. कापलेले केस कमळाच्या पानावर धरतात. उरलेलं डोकं भिक्खू वस्तऱ्याने साफ करतात आणि थाई रिवाजाप्रमाणे भुवयाही उतरवतात. चेहरा इतका बदलतो की नात्यातली पोरंही क्षणभर बावचळतात. मग अंघोळ, पांढरी वस्त्रं आणि आई-वडिलांच्या पाया पडून झाल्या-गेल्याची क्षमायाचना. काही ठिकाणी गायक बोलावतात. आईने गरोदरपणी काय सोसलं, ते तो उमेदवाराला गाऊन ऐकवतो. मुलगा रडला नाही तर गायकाचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक उपोसथागाराला तीन प्रदक्षिणा घालते. चीवर आईच्या हातात असतं, भिक्षापात्र वडिलांकडे. ढोल आणि दारू यांचं प्रमाण कधीकधी सुटतं. २०१९ मध्ये बँकॉकमध्ये शेजारच्या शाळेत परीक्षा चालू असताना आवाज कमी करायला सांगितला, म्हणून मिरवणुकीतली माणसं शाळेत घुसून मारहाण करून गेली होती.

आत गेल्यावर आई चीवर मुलाच्या हाती देते आणि तो ते उपाध्यायांपुढे ठेवतो. उपाध्याय त्याला केस, लोम, नखं, दात, त्वचा ही पाच नावं सुलट-उलट म्हणायला लावतात. चीवर नेसून त्याने दहा शीलं घेतली की तो श्रामणेर होतो. भिक्खू व्हायचं असेल तर पुढे प्रश्न येतात: अमुक रोग आहे का, माणूसच आहेस ना, कर्ज नाही ना, आई-वडिलांची परवानगी आहे ना?

परवानगीचा हा नियम बुद्धांचा मुलगा राहुल याच्या प्रव्रज्येमुळे आला. मुलगा गेला, आता नातूही गेला, म्हणून शुद्धोदनाने बुद्धांकडे दुःख सांगितलं. तेव्हापासून पालकांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देता येत नाही.

विधी संपताच घरच्यांचं वागणं बदलतं. आईच मुलाला हात जोडून नमस्कार करते. दान देताना ती वस्तू त्याने पसरलेल्या कापडावर ठेवते, कारण आता त्याला स्त्रीचा स्पर्श चालत नाही. जेवण आणायचं तर दुपारी बाराच्या आत.