जुना डेटा कधी पुसायचा?

नाशिकमधल्या औषध वितरणाच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची कल्पना करा. तिचा सर्व्हर भरत आलाय. नवी डिस्क मागण्याऐवजी संगणक विभागाने व्यवस्थापनापुढे प्रस्ताव ठेवला: कोणता डेटा किती काळ ठेवायचा, हे लेखी ठरवा.

असा प्रस्ताव बहुतेकदा अडतो तो हिशेब विभागात. ‘जुनी बिलं पुसणार?’ या भीतीने सगळंच तसंच राहतं. पण डिस्क बिलांनी भरत नाही, ती लॉगने भरते. कोण कधी लॉगिन झालं, कुठली विनंती आली, कुठे एरर आली, याची सॉफ्टवेअर आपोआप लिहीत असलेली नोंद म्हणजे लॉग.

ही नोंद रोज 4 जीबी धरली, तर तीन वर्षांत सुमारे 4,380 जीबी साठते. शिवाय बॅकअपच्या दोन प्रती धरल्या तर 13,140 जीबी. आता ताजे 30 दिवस जसेच्या तसे ठेवू, म्हणजे 120 जीबी. वर्षातले उरलेले 335 दिवस दाबून ठेवू. लॉगमध्ये त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येत असल्याने त्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आकसू शकतात, म्हणजे 134 जीबी. वर्षापूर्वीचं पुसू. एकूण 254 जीबी, तिन्ही प्रती मिळून 762. मात्र दहावा हिस्सा हा अंदाज आहे. प्रस्तावात घालण्याआधी आपल्याच एका दिवसाची फाइल दाबून आकडा तपासलाच पाहिजे.

सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग किमान 180 दिवस भारतात ठेवावे लागतात. मी वर्षभर ठेवा म्हणेन, कारण काही गैरव्यवहार वार्षिक ऑडिटमध्येच उघडकीला येतात.

व्यवहारांचं गणित वेगळं. कंपनी कायदा, 2013 नुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. म्हणून तिथे पुसणं नाही, हलवणं. दोन वर्षांचे व्यवहार मुख्य डेटाबेसमध्ये, त्याआधीचे स्वस्त साठवणीत. हलवताना नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळवायची, एक जुना महिना परत उघडून वाचून बघायचा, आणि मगच मूळ नोंदी काढायच्या.

इथे एक फसगत होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये `DELETE` चालवून लाखो ओळी काढल्या तरी डिस्क सहसा रिकामी दिसत नाही. सुटलेली जागा `VACUUM` नंतर त्याच टेबलच्या नव्या ओळींसाठी वापरता येते, पण ती सिस्टिमला परत मिळेलच असं नाही. व्यवस्थापनाला कबूल केलेली बचत मग कागदावरच राहते. यावर उपाय म्हणजे टेबलचे महिन्यानुसार विभाग करणं. जुना महिना `DROP TABLE` ने अख्खा काढला की त्याची जागा खरोखर सुटते.

सहीसाठी पाठवताना प्रस्तावात आणखी एक कलम हवंच: कोर्टाची किंवा करखात्याची नोटीस आली, तर त्या विषयाशी संबंधित नोंदी पुसणं त्याच दिवशी थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल.